वीस किलो मिरची आणि कुलूप लावलेल्या नोंदी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात धरायची वेळ फारशी आली नाही. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण उद्या पोरीच्या हाती लागलीच तर तिने लाल पेन काढू नये, एवढंच सांगणं. चुकलेलं असेल तिथे समजून घे बाई, आणि पुढे वाच.

हे सगळं लिहायला बसले कारण राग अजून गेला नाही. राग कोणावर, ते मला धड सांगता येत नाही. कधी फोनवर येतो, कधी पोरीच्या बाबांवर, आणि दोघांवरचा उतरला की स्वतःवर.

आमचं गाव मोताळ्याच्या बाजारापासून एसटीने तासाभराच्या आत आहे. चौथीपर्यंतच शाळा होती तेव्हा. पाचवीला दुसऱ्या गावी चालत जावं लागायचं, आणि मुलीला कोण सोडणार, म्हणून माझं राहिलं. त्याचं मला फार दुःख वगैरे नव्हतं. पण पोरगी अकरावीला गेली तेव्हा तिच्या कॉलेजातल्या कोणा मॅडमने सांगितलं की मोठ्या माणसांनाही घरी अभ्यास करून आठवीची परीक्षा देता येते. पोरगी घरी आली आणि मला न विचारता म्हणाली, "माय, मी तुहा फॉर्म भरून राह्यली."

मी नाही म्हटलं. चार दिवस नाही म्हटलं. पाचव्या दिवशी फोटो काढायला गेले.

एक अट घातली, की हे गल्लीत कोणाला कळता कामा नये. मला चार बायकांत बोलायचं म्हटलं तरी घाम येतो. विहारात रविवारी बायका एकेक करून उठून बोलतात, तेव्हा मी मागच्या सतरंजीवर, भिंतीला टेकून. आणि आता या वयात आठवी! नापास झाले तर वर्षभर पुरेल एवढं हसं.

घरात धड चालणारा फोन एकच. दिवसा तो पोरीच्या बाबांकडे, कारण भाजीचे भाव त्यांना त्याच्यावर येतात. संध्याकाळी पोरीकडे. मधल्या वेळेत माझ्याकडे. पोरीने त्यात नोंदी लिहायचं एक ॲप घेतलं. त्यात यादी करता येते, आणि यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एक छोटा चौकोन असतो. वस्तू घेतली की त्या चौकोनावर बोट लावायचं, मग बरोबरची खूण होते आणि ती वस्तू खाली सरकते, 'झालेलं' म्हणून. वर उरतं ते घ्यायचं बाकी. पोरीने मला दहा मिनिटांत शिकवलं. मला फार आवडलं. कागदाच्या चिठ्ठ्या यांच्या खिशात धुऊन निघायच्या, ते तरी थांबेल असं वाटलं.

पहिल्याच बाजारात हे गेले आणि अर्धी पिशवी घेऊन परत आले. तेल नाही, गूळ नाही, साबण नाही.

"तेल कुठं हाय?"

"यादीत नव्हतं."

"यादीत पयल्या नंबरवर तेल व्हतं!"

"व्हतं त दिसलं नसतं का मले? आंधळा हाय का मी?"

पोरीने फोन उघडला. खाली 'झालेलं' मध्ये तेल, गूळ, साबण, चहापत्ती, सगळं ओळीने बसलेलं. तिने बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही यायच्यावर टिक काऊन केली?"

"वाचलं म्हनून केली." यांना त्यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. "गुरुजी वही तपासते, तं टिक करते का नाही? मी एसटीत बसल्या बसल्या यादी वाचत आलो. जे वाचलं त्यावर टिक. मंग मोताळा आला, उतरलो."

म्हणजे एसटीत बसून या माणसाने निम्मी यादी तपासून पास केली, आणि बाजारात जाऊन फक्त न वाचलेल्या वस्तू विकत आणल्या. त्या संध्याकाळी मी काय काय बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही. पोरगी मात्र हसून हसून चुलीजवळच आडवी झाली.

नंतर ते शिकले. पण अभ्यासाचं वेगळंच होऊन बसलं.

मला वाचायला वेळ लागतो. एक पान वाचेपर्यंत भाजी करपते. म्हणून पोरीने त्याच ॲपमध्ये धडे वाचून आवाजात भरून दिले. माईकच्या खुणेवर बोट लावायचं, बोलायचं, थांबवायचं, की ती नोंद होते. विज्ञानाचे सहा, इतिहास-भूगोलाचे चार. मी कानात वायर घालून भाकरी थापता थापता ऐकायची. मग मीसुद्धा भरायला लागले. प्रश्न वाचायचा, उत्तर आपल्या आवाजात बोलायचं, नंतर ऐकून पुस्तकाशी ताडायचं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवून दिला. इतका बारीक आणि भित्रा आवाज. हळूहळू सवय झाली. माझ्या आवाजात अकरा नोंदी झाल्या होत्या, आणि त्यांच्यावर माझा जीव होता.

एका बाजाराच्या दिवशी हे किराणा दुकानात यादी उघडायला गेले आणि बोट पडलं दुसऱ्याच नोंदीवर. कानातली वायर घरी. दुकानात गर्दी. फोनचा आवाज पूर्ण. आणि त्या गर्दीत माझा आवाज: "अन्नाचे पचन तोंडापासून सुरू होते. लाळ..."

यांना ते बंद करता येईना. दुकानदार म्हणाला म्हणे, "दादा, वहिनी काय मास्तरीन हाय काय?" आणि यांनी घरी येऊन हे सगळं हसत हसत सांगितलं. जणू मला आनंदच व्हायला पाहिजे.

"बंद काऊन नाही केला तुम्ही?"

"अवं, मले बी ऐकाचं व्हतं पुढं काय होते ते. लाळीनंतर काय होते?"

मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. मग पोरीला म्हटलं, "कुलूप लाव माह्या नोंदीयले."

ॲपमध्ये कुलूप आहे. नोंदीवर बोट दाबून धरलं की ती निवडली जाते, मग वरच्या बाजूला लॉकची खूण येते. बोटाच्या ठशाने उघडायची सोय होती, पण माझ्या बोटांना ठसा उरलाच कुठे आहे. रेशन दुकानातही माझा अंगठा चार वेळा पुसून लावावा लागतो. कापूस वेचून, कांदा कापून ही बोटं गुळगुळीत झाली आहेत. फोनने तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटलं, तेव्हा पोरीने चार आकड्यांचा पासवर्ड ठेवला. सगळ्या लॉक नोंदींना एकच पासवर्ड. मी निश्चिंत झाले.

निश्चिंत आठ दिवस होते.

माझी मोठी जाऊ शेजारीच राहते. तिचा फोन चार्जिंगला होता म्हणून ती आमच्या फोनवर काहीतरी लिहून घ्यायला आली. मीच ॲप उघडून तिच्या हातात दिलं. ती खाली-वर करत होती आणि मग थांबली.

"हे काय वं? 'मायची आठवीची परीक्षा, विज्ञान धडा तीन.' कोनाची आठवी?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. नोंदीला कुलूप लागलं होतं, आतलं काही उघडत नव्हतं. पण नोंदीची पहिली ओळ यादीत दिसत राहते, आणि पोरीने पहिल्या ओळीत सगळं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. दाराला कुलूप आणि दारावरच आत काय आहे त्याची पाटी. एक नाही, एकवीस पाट्या, एकाखाली एक.

"माहीत नाही मले," मी म्हटलं. इतकं खोटं बोलता येत नाही मला.

जाऊबाईने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तोंडाला पदर लावून म्हणाली, "आता काय कलेक्टर होतं का माय तू? आम्हाले चहा तरी देजो हापिसात."

त्या रात्री पोरगी झोपल्यावर मी रागात फोन घेतला. सगळ्या नोंदी निवडल्या आणि लॉक केल्या. एकेक करायचा धीर नव्हता, 'सर्व निवडा' असं दिसलं त्याच्यावर बोट लावलं. आणि जाऊबाईने मागच्या वेळी पोरीला आकडे दाबताना बघितलं असेल असा संशय येऊन पासवर्डही बदलला. जुना घातला, नवा घातला, पुन्हा नवा घातला. मधे एक मोठा मजकूर आला. वाचायला मला पाच मिनिटं लागली असती, म्हणून खाली 'ठीक आहे' होतं ते दाबलं. नंतर पोरीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. पासवर्ड विसरलात तर लॉक केलेल्या नोंदी परत मिळणार नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि तोही साधा नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्या गल्लीतल्या पाच घरचा वर्षाचा मसाला एकदम आणायचा असतो. एकट्याने घेतलं तर महाग, पाच घरचं एकदम घेतलं तर व्यापारी भाव कमी लावतो. दरवर्षी कागदावर गोंधळ व्हायचा म्हणून या वर्षी मी पुढाकार घेतला होता. मी, जी कधी पुढे होत नाही, तिने. पाचही घरांची यादी ॲपमध्ये, घराघराने वेगळी. सगळ्यांत मोठी यादी गल्लीच्या टोकाच्या काकूची. काकूचे यजमान गेल्यापासून ती काळा मसाला करून आठवडी बाजारात विकते, तेच तिचं पोट. तिने चार हजार आठशे रुपये माझ्या हातात मोजून दिले होते आणि सांगितलं होतं, "आकडे नीट लेव्हजो बाई. मले या वर्षी मोप मसाला कराचा हाय." आणि ती लेकीकडे बीबी गावाला निघून गेली.

पोरगी कॉलेजात गेली. हे सगळ्यांचे पैसे घेऊन निघाले. मी भांडी घासत होते. अकराच्या सुमाराला जाऊबाई फोन हातात धरून आली. "घे. तुह्या मालकाचा फोन हाय. बोंबलून राह्यला."

"अवं!" यांचा आवाज पूर्ण गल्लीत ऐकू जाईल एवढा. "यादी उघडून नाही राह्यली! पासवर्ड मांगते!"

तेव्हा मला कळलं की रात्री 'सर्व निवडा' म्हणजे सर्व. अभ्यास, मसाला, साबणाची यादी, सगळंच.

"पोरीचा पासवर्ड टाका."

"टाकला. चुकीचा म्हनते."

"मी बदलवला काल."

"काऊन?"

शेजारी जाऊबाई उभी. काऊन ते मी तिच्यादेखत काय सांगू? मी नवे आकडे सांगितले. यांनी फोन स्पीकरवर ठेवून तिकडे दाबले. चुकीचे. मग मी शेवटचे दोन उलटे सांगितले. चुकीचे. मग पहिला आकडा वेगळा. चुकीचे. रात्री रागात ठेवलेला आकडा सकाळी डोक्यात नव्हताच. माझ्या लग्नाचं वर्ष, पोरीची जन्मतारीख, एसटीच्या गाडीचा शेवटचा आकडा, काय काय सांगितलं.

"आता म्हनते तीस सेकंद थांबा," हे तिकडून म्हणाले.

मी मनातल्या मनात तीस मोजले. मागे बाजाराचा गलका आणि कोणीतरी "लसून, लसून" ओरडत होतं.

"थांबलो. सांग."

सांगितलं. चुकलं. आता पाच मिनिटं थांबा म्हणाला फोन.

"पाच मिनिटं थांबाले व्यापारी माहा सासरा हाय का?" हे भडकले. "तू तोंडानं सांग सगळं. तूनंच त लेव्हलं न?"

"हाव, तोंडानं सांग," जाऊबाई म्हणाली. "आठवीचा अभ्यास करतं, एवढं पाठ नसन का?"

ते तिने म्हणायला नको होतं. मला असं चढलं की मी डोळे मिटून धडाधड सांगत सुटले. आमचं घर. जाऊबाईचं, ते तिने स्वतःच सांगितलं. मागच्या दोन घरांचं, बरोबर. आणि काकूचं: "मिरची वीस किलो, धने दहा किलो."

"मिरची वीस?" हे थांबले. "येवढी?"

"हाव, वीसच! मोप मसाला कराचा हाय तिले. काकूनं सोता सांगतलं मले."

"नीट आठव बरं."

"आठवूनच सांगून राह्यली!"

धने वीस आणि मिरची दहा, असं होतं ते. पण हे मला दोन दिवसांनी काकू बीबीहून आली तेव्हा कळलं.

मिरची दोनशे चाळीस रुपये किलो होती, धने एकशे वीस. मिरचीचा आकडा दुप्पट झाला म्हणून काकूचे पैसे पुरले नाहीत, तर यांनी आमच्या किराण्याचे बाराशे त्यात घातले. 'काकू देईन' म्हणून. त्यामुळे आमचा किराणा आला नाही तो वेगळाच.

काकू माझ्या ओसरीवर बसली. तिने पोत्यात हात घातला, मिरची हातात घेतली, परत टाकली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाकीचे धने कुठं हायेत माह्ये?" एवढंच.

मी सांगायला लागले. लॉक, पासवर्ड, सर्व निवडा. सांगता सांगता मलाच कळत होतं की हे कोणाला सांगायच्या लायकीचं नाही.

"मले ते फोनाचं काही समजत नाही बाई," काकू म्हणाली. "दहा किलो मिरची मी घेतो. वरची दहा तुही. माहे बाराशे रुपये दे, मले उरलेले धने आनाचे हायेत. पुऱ्या धन्याबिगर मसाला काय डोम्बल्याचा करू?"

तिचं बरोबर होतं. व्यापारी परत घेईना. गल्लीत कोणी विकत घेईना, कारण सगळ्यांनी आपापली मिरची त्याच दिवशी आणलेली. दहा किलो तिखट मिरची आमच्या घरात आली आणि बाराशे रुपये देणं माझ्यावर.

संध्याकाळी पोरीने फोन घेऊन सगळं करून बघितलं. पासवर्ड नवा ठेवता येईल, पण तसं केलं तर लॉक केलेल्या नोंदी पुसल्या जातील. तिने दहा धडे वाचून भरले होते ते गेले, आणि माझ्या आवाजातले अकराही. नोंदी तिथेच होत्या. पहिल्या ओळी दिसत होत्या, धडा एक, धडा दोन, सगळ्या. आणि आत जाता येत नव्हतं. परीक्षेला बावीस दिवस.

"माय, मी परत भरून देतो," पोरगी म्हणाली.

"तुही परीक्षा नाही का? तू तुहं पाय."

हे म्हणाले, "यंदा राहू दे परीक्षा. पयले काकूचे पैसे देऊ. पुढच्या वर्सी बसजो." ते रागाने नाही, सरळ बोलले. म्हणून जास्त लागलं. कारण मला माहीत होतं की पुढच्या वर्षी मी बसणार नाही. या वर्षी तरी कशी बसले हेच मला समजत नव्हतं.

माझ्याकडे पाचशे रुपये होते, डाळीच्या डब्यात. बुलढाण्याला चार पेपरला जायचं, माझं आणि सोबत येणाऱ्या पोरीचं भाडं, दुपारचं खाणं, त्यासाठी ठेवलेले. बायकांना एसटीला अर्धं तिकीट, तरी लागतातच. दोनशे मागे ठेवले आणि तीनशे घेऊन काकूकडे गेले.

"उरलेले नऊशे परीक्षेनंतर देतो," मी म्हटलं. एवढं एक वाक्य बोलायला मी तिच्या दारात किती वेळ उभी होते!

"कोनची परीक्षा?"

गल्लीत सगळ्यांना कळलं होतं आणि हिलाच माहीत नव्हतं. सांगितलं. काकूने तीनशे मोजले, कमरेला खोचले. "परीक्षेनंतर म्हंजे परीक्षेनंतर. आन त्या फोनात माही यादी परत लेव्हू नको."

दुसऱ्या दिवसापासून मी कांदे काढायला जायला लागले. अडीचशे रोज. सकाळी सातला गेलं की दुपारी घरी. म्हणजे अभ्यासाचा वेळच गेला, आणि फोन तर दिवसभर यांच्याकडे. पोरीने रात्री दोन-तीन धडे पुन्हा भरून दिले, या वेळी कुलूप न लावता, कारण आता लपवायचं काय राहिलं होतं. पण ऐकायला हातात फोन नाही.

म्हणून मी वाफ्यात बसून, कांद्याची पात कापता कापता, तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. अन्नाचे पचन. रक्ताभिसरण. जे धडे मी स्वतः बोलून भरले होते ते बरेच आठवत होते, हे नवलच. दोनदा-तीनदा बोलून, ऐकून, चुकलं ते पुन्हा बोलून, ते आत कुठेतरी बसलं होतं. फक्त पोरीच्या आवाजातले धडे वाऱ्यावर गेले होते.

जाऊबाई शेजारच्या ओळीत. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काल तू म्हटलं हृदयाले चार कप्पे. आज म्हनतं दोन. कोनतं खरं?"

"चार."

"मंग चार म्हन. मले बी गोंधळवतं."

मला वाटलं चेष्टा करते आहे. पण ती लक्षात ठेवत होती. चौथ्या दिवशी तिने मला लाळेनंतर काय होतं ते विचारलं, मी अडखळले, तर म्हणाली, "जठर! काल त सांगतलं तून. येवढी मोठी आठवी आन जठर नाही माहीत?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, पण कान लाल झाले होते. मग रोजच सुरू झालं. ती विचारायची, चुकलं की सगळ्या वाफ्याला ऐकू जाईल असं ओरडायची. मला तिचा इतका राग यायचा की पुढच्या वेळी ते उत्तर चुकायचंच नाही. ती मदत करते आहे की मजा बघते आहे हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही असेल.

गणित मात्र वाफ्यात होत नाही. ते संध्याकाळी पोरगी घ्यायची, आणि त्यात मी ढ होते ती ढच राहिले.

घरी तोवर दहा किलो मिरची होतीच. दळून आणली. पोरीच्या बाबांना मी काही न बोलता वाढायची. भाजीत मिरची, वरणात मिरची, ठेचा तर रोजच. एके दिवशी ते पाणी पिऊन पिऊन म्हणाले, "अवं, कमी टाक नं जरा."

"वीस किलो आनली तुम्हीच," मी म्हटलं.

"तूनंच सांगतली!"

"तुम्ही विचारलं तवा मी पक्कं सांगतलं, तं पुन्हा एकदा काऊन नाही विचारलं?"

त्यांनी तांब्या उचलून आणखी पाणी ओतून घेतलं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी बुलढाण्याच्या शाळेत आम्ही वीस-बावीस जण होतो. माझ्यासारख्या चार बायका, बाकी पोरं. बाकावर बसले तेव्हा गुडघे वरच्या फळीला लागत होते. पेपर हातात आला. पचनाचा प्रश्न होता. मी लिहायला लागले तर डोक्यात माझा आवाज नाही, जाऊबाईचा ओरडा ऐकू येत होता. लिहिलं. अक्षर वाईट, पण लिहिलं. वेळ संपली तेव्हा एक प्रश्न राहिला होता. बाकीचे तीन पेपरही दिले. गणिताच्या दिवशी मी अर्धा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते, हे पोरीला सांगितलेलं नाही.

दोन महिन्यांनी निकाल आला. पास. गणितात काठावर, इतके काठावर की पोरीने तो आकडा दोनदा वाचला. विज्ञानात बरे. यांनी निकालाचा फोटो काढून कोणाकोणाला पाठवला, मी नको म्हणत असताना. जाऊबाई म्हणाली, "माहे अर्धे मार्क कुठं हायेत त्यात?"

काकूचे पैसे मात्र परीक्षेनंतर लगेच देता आले नाहीत. कांद्याची मजुरी थोडी थोडी करून आली ती रोजच्या किराण्यात गेली. त्या बाजारात न आलेलं तेल-साखर उधारीवर आणलं होतं, ते आधी फेडावं लागलं. काकूने दोनदा दारावरून जाताना विचारलं, "झाली का परीक्षा?" मला वाटायचं ती मुद्दाम विचारते. मग दोनशे दिले. मग तीनशे. पाऊस पडून निंदणी सुरू झाली तेव्हा शेवटचे चारशे जमले.

मी ते घेऊन काकूकडे गेले. ती खलबत्ता घेऊन दारात बसली होती, मसाला कांडत. पैसे हातात दिले. तिने बोटाला थुंकी लावून मोजले. शंभराच्या चार नोटा. एक नोट उजेडात धरून बघितली, फाटकी होती, तरी ठेवली.

"झाले," ती म्हणाली. "पूर्ण झाले बाई. आता काही देणं नाही तुहं."